तीन शहरं, एक गाणं: मित्राला सम बरोबर लागते, मला एक मात्रा मागे ऐकू येते

रेवा_ऐकते

आम्ही तिघं तीन शहरांत आहोत आणि रात्री एकत्र गाणी ऐकतो. मी स्पॉटिफायवर जॅम सुरू करते, लिंक ग्रुपवर टाकते, बाकीचे दोघं त्या लिंकवरून आत येतात. प्रीमियम तिघांकडेही आहे. बोलायला दुसऱ्या अॅपवर ऑडिओ कॉल चालू ठेवतो.

माझ्याकडे लॅपटॉप आणि वायरचा हेडफोन, गाणं आणि कॉल दोन्ही त्यातच. मित्र गाणं फोनवरून ब्लूटूथ इअरबड्समध्ये ऐकतो आणि कॉल शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर. मैत्रिणीचं सगळं एकाच फोनवर, ब्लूटूथ इअरबड्समध्येच, माइकही त्याचाच.

अडचणी तीन आहेत.

१. ठाय नाही, द्रुतही नाही, अशा १२० च्या लयीच्या गाण्यात मी समेवर "धा" म्हणते, तर मित्र म्हणतो, "एकदम समेवर आलं." तो स्वतःच्या समेवर "धा" म्हणतो तेव्हा मला ते अख्खी एक मात्रा उशिरा येतं. दोघांचंही खरं कसं?

२. मैत्रीण म्हणते, कॉल लागला की गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं. कॉल ठेवला की ठीक.

३. मध्येच मला गाण्याचा प्रतिध्वनी येतो. नेहमी नाही, पण आला की ऐकवत नाही.

नेट तिघांचंही चांगलं आहे.

झंकार२

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कॉलला आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला मित्राचा "धा" मागे येतो. गाणी दोघांची एकत्रच चालू आहेत, काही बिघडलेलं नाही. दुर्लक्ष करा.

तानपुरा_खर्ज

झंकार२, कॉलला वेळ लागतो हे बरोबर, पण तेवढ्याने कोडं सुटत नाही. फक्त कॉलचाच उशीर असता तर तो दोन्ही बाजूंना सारखा दिसला असता. रेवा यांचा "धा" मित्रालाही तितकाच मागे ऐकू यायला हवा होता. तो बरोबर समेवर आला म्हणजे मित्राचं गाणंच मागे आहे. दोन उशीर एकमेकांना झाकताहेत.

सावकाश पाहू. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. कॉलचा आवाज इकडून तिकडे जायला पाव सेकंद लागतो असं धरा. मित्राच्या ब्लूटूथमुळे गाणं त्याच्या कानात पाव सेकंद उशिरा पोचतं असंही धरा.

आता रेवा समेवर "धा" म्हणतात. तो शब्द मित्राच्या फोनच्या स्पीकरवर पाव सेकंदाने येतो. मित्राची समही पाव सेकंद उशिराच येते आहे. दोन्ही एका ठिकाणी पडतात आणि त्याला वाटतं, वा, काय जुळलंय.

उलट बाजूने पाहा. मित्र त्याच्या समेवर बोलतो, म्हणजे रेवा यांच्या समेनंतर पाव सेकंदाने. तिथून शब्द निघतो, कॉलचा पाव सेकंद आणखी घेतो आणि रेवा यांच्या कानात अर्ध्या सेकंदाने पडतो. अख्खी मात्रा. दोघांचं ऐकणं खरं आहे, मित्राचा निष्कर्ष तेवढा चुकीचा.

यातून मोजायची रीतही मिळते. दोन्ही बाजूंचे उशीर घ्या, त्यांची वजाबाकी करा आणि निम्मं करा. इथे अर्धा सेकंद वजा शून्य, त्याचं निम्मं पाव सेकंद. मित्राचं गाणं एवढं मागे आहे. दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं की कॉलचा एका बाजूचा उशीर मिळतो, तोही इथे पाव सेकंदच.

झंकार२

हे पटलं. फक्त एक शंका. कॉल जाताना आणि येताना तेवढाच वेळ घेतो हे तुम्ही गृहीत धरलंय.

तानपुरा_खर्ज

हो, धरलंय, आणि ते काटेकोर खरं नसतं. एकाचा कॉल मोबाइल डेटावर आणि दुसऱ्याचा वायफायवर असेल तर थोडाफार फरक पडतो. पण आपण मात्रेच्या पाव हिश्शाएवढं अंतर कानाने ओळखतोय, त्याहून बारीक मोजमाप या रीतीत मुळात नाहीच. पाव सेकंदाचं ब्लूटूथ पकडायला ती पुरते.

निवांत_श्रोता

आमच्या घरी हॉलमध्ये एक स्पीकर आणि स्वयंपाकघरात दुसरा, दोन्हींवर एकच गाणं लावलं की घुमतं. त्यावरही हाच उपाय का?

केबलची_गुंडाळी

निवांत, तुमचा प्रश्न निराळा आहे. एका घरातले दोन स्पीकर एकाच कानाला एकाच वेळी ऐकू येतात, त्यामुळे तिथे साधारण ०.०३ ते ०.०४ सेकंदाच्या पुढचा फरकसुद्धा प्रतिध्वनीसारखा कळतो. त्यासाठी गटात जोडता येणारे स्पीकर लागतात, ते आपसात वेळ जुळवतात. इथे तीन माणसं तीन शहरांत आहेत. कुणाचं गाणं कुणाच्या कानात जायलाच नको, त्यामुळे थोडा फरक चालून जातो.

रेवा यांची तिसरी अडचण मात्र थेट याच्याशी जोडलेली आहे. कुणाचं तरी गाणं कॉलच्या माइकमधून तुमच्याकडे गळतंय. तिघांपैकी कुणी कधी इअरबड्स काढून गाणं स्पीकरवर लावतं का?

रेवा_ऐकते

मित्र लावतो. बड्सचं चार्जिंग संपलं की गाणं फोनच्या स्पीकरवर आणि कॉल दुसऱ्या फोनवर. पण कॉलमध्ये प्रतिध्वनी काढायची सोय असते ना? मग तरी कसा येतो?

केबलची_गुंडाळी

ती सोय फक्त स्वतःच्या उपकरणाने वाजवलेला आवाज ओळखते. फोनला माहीत असतं की मी आत्ता स्पीकरवर अमुक आवाज सोडला, माइकमध्ये तोच परत आला तर तो वजा करायचा. मित्राचं गाणं वाजवतोय पहिला फोन आणि कॉल आहे दुसऱ्यावर. दुसऱ्या फोनला त्या गाण्याचा पत्ताच नाही. तो ते खोलीतला आवाज समजतो आणि तुमच्याकडे पाठवतो.

मग तुमच्या हेडफोनात तुमचं गाणं आणि त्यावर पाव सेकंद मागून मित्राचं गाणं, असे दोन पदर येतात. कधी कधी गोंगाट काढणारी यंत्रणा ते गाणं गोंगाट म्हणून दाबून टाकते, म्हणून तुम्हाला प्रतिध्वनी नेहमी ऐकू येत नाही. गाण्यात नुसता गळा असेल तर ती त्याला बोलणं समजून आत सोडते, तालवाद्यं वाढली की कापते. तुमचा प्रतिध्वनी येतो-जातो त्याचं कारण बहुधा हेच.

ओळखायची खूण: मित्राला कॉलवर म्यूट व्हायला सांगा. प्रतिध्वनी त्याच क्षणी थांबला तर गळती तिथूनच. थांबला नाही तर मैत्रिणीला म्यूट करून पाहा.

उपाय एकच, गाणं कानात ठेवा. ते जमणार नसेल तर स्पीकरवाल्याने गाणं चालू असेपर्यंत म्यूट राहायचं आणि बोलताना तेवढं उघडायचं.

बंदिश_प्रेमी

आम्हाला असं एकत्र भजन म्हणायचं आहे. सगळ्यांनी आपापल्या घरून, एका सुरात. जॅममध्ये ट्रॅक लावून वरून म्हटलं तर होईल ना?

तानपुरा_खर्ज

एकत्र म्हणणं नाही जमणार, बंदिश. ट्रॅक प्रत्येकाचा जवळजवळ एकत्र वाजेल, पण तुमचा आवाज दुसऱ्याकडे पाव सेकंद मागून पोचेल. तो थांबून तुम्हाला जुळवून घेईल, मग तुम्हाला तो मागे वाटेल आणि तुम्ही थांबाल. दोन-तीन आवर्तनांत लय पार कोलमडते. असल्या कॉलवर हे टाळता येत नाही.

एक वाट आहे. प्रत्येकाने ट्रॅकवर आपापल्या कानाने म्हणायचं आणि म्हणताना सगळ्यांनी म्यूट राहायचं. किंवा एकच माणूस माइक उघडा ठेवून म्हणेल, बाकीचे म्यूट राहून त्याच्यामागे म्हणतील. म्यूट असलेल्यांना वाटेल आपण त्याच्याबरोबर आहोत, आणि ऐकण्यापुरतं ते खरंही असेल. पण त्या एका माणसाने आपला ट्रॅक जॅममधून न घेता कॉलमधूनच सगळ्यांना पाठवायला हवा. ट्रॅक आणि आवाज एकाच वाटेने गेले तरच ते एकत्र पोचतात.

बंदिश_प्रेमी

कॉलमधून ट्रॅक पाठवायचा म्हणजे फोन लॅपटॉपच्या माइकसमोर धरायचा?

केबलची_गुंडाळी

नाही, ते तर मुळीच नको. माइकने घेतलेल्या गाण्याचं काय होतं ते वर लिहिलंय, तबला अर्धा गायब होईल. संगणकावर क्रोम उघडा, गाणं एका टॅबमध्ये ठेवा, गूगल मीटमध्ये स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न निवडता तोच टॅब निवडा आणि टॅबचा आवाज शेअर करण्याचं बटण चालू आहे ना ते पाहा. झूममध्ये शेअर करताना `Share sound` वर खूण करावी लागते. असं केलं की गाणं माइकला वळसा घालून थेट जातं.

हेच काम फोनवरून करायला गेलात तर बरेचदा चित्र दिसतं पण आवाज जात नाही. संगीत अॅपने आपला आवाज दुसऱ्या अॅपला पकडू द्यायचा की नाही हे अँड्रॉइडवर ते अॅप ठरवू शकतं. म्हणून संगणकच घ्या.

मंद्र_सप्तक

आमच्या गटात एकीकडे पैसे भरलेलं खातं नाही. तिला जॅममध्ये घ्यायचं तर हाच मार्ग ना?

केबलची_गुंडाळी

हो. दुरून जॅममध्ये यायचं तर स्पॉटिफायला प्रत्येकाचं प्रीमियम लागतं. मोफत खातं चालतं ते एका जागी बसून एका स्पीकरवर ऐकायला. टॅब शेअर केलात तर तिला फक्त कॉलमध्ये यायचं आहे. आवाजाचा दर्जा उतरेल, कारण कॉल सगळं दाबून पाठवतो, विशेषतः झांजा आणि टाळ फुटल्यासारखे वाटतील.

पण वेळेच्या बाबतीत याचा एक गुण आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. शेअर करणाऱ्याचं बोलणं आणि गाणं एकाच वाटेने जात असल्याने ऐकणाऱ्याला दोन्ही जवळजवळ जुळून येतात. "ही जागा ऐक" म्हटलं की ती जागा खरंच तिथेच असते. उलट्या दिशेला मात्र तोटा दुप्पट. ऐकणारी गाणंच पाव सेकंद उशिरा ऐकते, तिची दाद परत यायला आणखी पाव सेकंद. शेअर करणाऱ्याला सगळ्यांची "वाह" अर्धा सेकंद मागून येते. म्हणून गाणं समजावून सांगणारा एक आणि ऐकणारे बाकीचे अशी बैठक असेल तर टॅब शेअर चांगलं. सगळे बरोबरीचे असतील तर जॅम.

रेवा_ऐकते

आता मैत्रिणीच्या डब्याबद्दल कुणी सांगेल का?

तानपुरा_खर्ज

ब्लूटूथचं काम दोन तऱ्हांनी चालतं. नुसतं ऐकायचं असतं तेव्हा आवाज एकाच दिशेने येतो, दोन्ही कानांना वेगळा आणि भरघोस. बड्सचा माइक लागला की नेहमीचे बड्स कॉलच्या तऱ्हेत जातात. आता आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो, म्हणून तो एकाच वाहिनीचा आणि बोलण्यापुरत्या पट्टीचा होतो. त्याच बड्समध्ये गाणंही चालू असेल तर तेही त्याच अरुंद वाटेने येतं. खर्ज जातो, झांजेची चमक जाते. डबा म्हणतात ते हेच.

यात बिघाड काही नाही. बड्सचा माइक लागू न देणं हा उपाय. लॅपटॉपवर कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडा आणि ऐकण्यासाठी बड्स ठेवा, डबा निघून जातो. फोनवर बहुतेक कॉल अॅपांत असं वेगळं निवडता येत नाही. बड्स निवडले की माइकही त्यांचाच. तिने कॉल दुसऱ्या उपकरणावर घ्यावा, किंवा वायरचा इअरफोन लावावा. वायरला ही दोन तऱ्हांची भानगडच नाही.

झंकार२

ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ पद्धतीचे बड्स घेतले की कॉलमध्येही आवाज चांगला राहतो. मग दुसरं काही करायला नको.

तानपुरा_खर्ज

अर्धं बरोबर. त्यात कॉलचा आवाज बराच सुधारतो, पण फोन आणि बड्स दोघांनाही ते यायला हवं आणि फोनमध्ये ते चालू असायला हवं. एकालाच येत असेल तर जोडणी जुन्या तऱ्हेवरच होते. शिवाय उशीर कमी झाला तरी शून्य होत नाही. खास या कामासाठी नवे बड्स घ्यायला मी सांगणार नाही.

आणि रेवा, मैत्रिणीचं मोजमाप करताना वर दिलेली निम्मं करायची रीत तिला लावू नका. मित्राचा कॉल स्पीकरवर आहे, त्याचं फक्त गाणं ब्लूटूथमधून येतं. मैत्रिणीचं गाणं आणि कॉल दोन्ही बड्समधून येतात, म्हणजे तुमचा "धा"सुद्धा तिला ब्लूटूथचा उशीर घेऊनच पोचतो. तिच्या बाबतीत दोन्ही बाजूंची वजाबाकी हाच पूर्ण उशीर, निम्मं करायचं नाही.

मघाचेच आकडे धरले तर तुमचा "धा" तिला तिच्या समेनंतर पाव सेकंदाने येईल, अर्धी मात्रा. तिचा "धा" तुम्हाला अर्धा सेकंद मागे, पूर्ण मात्रा. वजाबाकी पाव सेकंद, तेवढंच तिचं ब्लूटूथ. निम्मं केलंत तर निम्माच उशीर हाती लागेल.

मंद्र_सप्तक

थांबा. यात सगळा उशीर ब्लूटूथचाच धरलाय. जॅमनेच तिचं गाणं थोडं उशिरा चालू केलं असेल तर?

तानपुरा_खर्ज

चांगला मुद्दा आहे, आणि तेव्हा हे गणित कोसळतं. दोन्ही उशीर मिसळले की एका मोजणीतून ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा. आधी तिघांनीही वायर लावा आणि मोजा. वायरमध्ये उशीर नगण्य, म्हणून या वेळी जो फरक निघेल तो जॅमचा, आणि तो निम्मं करून. मग एकेकाने बड्स लावून पुन्हा मोजा, फरकात वाढलेला भाग बड्सचा, कॉल बड्समध्ये नसेल तर तोही निम्मं करून. फक्त बड्स लावताना माइक त्यांचा नको. कॉलच्या तऱ्हेत ब्लूटूथचा उशीरसुद्धा बदलतो, मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजाल.

मोजताना आणखी दोन गोष्टी. टाळी वाजवू नका. गोंगाट काढणारी यंत्रणा टाळी गिळते किंवा तिची सुरुवात कापते. रेवा करताहेत तसं तोंडाने "धा" म्हणा, ते बोलणं म्हणून जातं. आणि सम ऐकून मग बोलू नका, ठेका धरून समेबरोबर बोला. ऐकून बोललात तर तुमच्या प्रतिसादाचाच वेळ त्यात भर घालतो.

गाणं ठाम तालाचं आणि मध्येच लय न बदलणारं घ्या. १२० च्या लयीत दुगुण धरली की पाव सेकंद, चौगुण धरली की त्याचं निम्मं, मोजपट्टी तयार आहे. सगळ्या मात्रा सारख्याच वाजताहेत असं गाणं मात्र नको, त्यात एक मात्रा मागे की पुढे तेच कळत नाही.

स्वरलिपी९

एवढं कशाला? आम्ही जॅम वगैरे काही वापरत नाही. कॉलवर "तीन, दोन, एक, प्ले" म्हणतो आणि सगळे एकदम दाबतो. छान चालतं.

केबलची_गुंडाळी

चालतं, पण त्यात फरक कुठून येतो ते पाहा. मोजणारा "प्ले" म्हणतो आणि त्याच क्षणी स्वतः दाबतो. बाकीच्यांना तो शब्द कॉलच्या उशिराने पोचतो, म्हणजे मोजणारा कायम पुढे. त्यात ज्याच्या अॅपने गाणं अजून खेचून आणलेलं नाही तो आणखी मागे पडतो.

ही पद्धत ठेवायचीच असेल तर दोन सुधारणा करा. गाणं आधी चार-पाच सेकंद वाजवून परत ०:०० वर आणून थांबवा, म्हणजे सुरुवात फोनमध्ये आलेली असते. आणि आवाजावर न दाबता घड्याळावर दाबा, "९ वाजून ४० मिनिटं, ०० सेकंद" असं ठरवून. फोनची वेळ नेटवरून आपोआप लागलेली असू द्या. `time.is` उघडलं की आपलं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते दिसतं.

एक अडचण यातून सुटत नाही. मोफत व्हिडिओवरून गाणं लावलंत तर जाहिरात प्रत्येकाला वेगळी आणि वेगळ्या लांबीची येते. एकाला आली, दुसऱ्याला नाही, की सगळं विस्कटलं.

झंकार२

मग सिंकप्ले वापरा ना. मोफत आहे, व्हीएलसी किंवा एमपीव्हीबरोबर चालतं, खातं लागत नाही. सगळ्यांनी एका खोलीचं नाव टाकायचं आणि आपली फाइल उघडायची. एकाने पॉज केलं की सगळ्यांचं पॉज होतं. एकदम अचूक.

तानपुरा_खर्ज

सिंकप्ले चांगलं आहे, पण मुळात एकत्र चित्रपट पाहण्यासाठी बनवलेलं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये दीड सेकंदापर्यंतचा फरक ते तसाच राहू देतं. त्याहून वाढला तर पुढे असलेल्याचा वेग ९५ टक्क्यांवर आणतं, आणि ४ सेकंदांच्या वर गेला तर सरळ मागे उडी मारतं. दीड सेकंद म्हणजे १२० च्या लयीत तीन मात्रा. चित्रपटाला ठीक, गाण्याला नाही. आणि वेग उतरलेला असताना गाणं ओढत चाललंय हे लगेच जाणवतं.

ज्यांच्याकडे गाणी फाइल म्हणून आहेत आणि कुठल्याही सेवेवर नाहीत, त्यांना तोच चांगला पर्याय. फक्त सगळ्यांकडे एकच फाइल हवी. त्याच गाण्याच्या दुसऱ्या प्रतीत सुरुवातीची शांतता दोन सेकंद जास्त असते आणि मग कितीही जुळवा, सम जुळत नाही. गाण्याची एकूण लांबी सेकंदापर्यंत ताडून पाहा, तीच नसेल तर फाइल वेगळी.

मंद्र_सप्तक

आयफोनवाल्यांसाठी एक. फेसटाइमवर कॉल लावून अॅपल म्युझिक उघडलं की शेअरप्लेने गाणं सगळ्यांकडे चालू होतं. आयओएस १५.१ पासून आहे. प्रत्येकाचं स्वतःचं सदस्यत्व लागतं. कॉल आणि गाणं एकाच यंत्रणेत असल्याने कुणी बोललं की गाण्याचा आवाज आपोआप हळू होतो आणि थांबलं की परत येतो. अँड्रॉइडवाला लिंकवरून फेसटाइम कॉलमध्ये येऊ शकतो, पण शेअरप्लेमध्ये नाही.

बंदिश_प्रेमी

ते हळू होणं मला आवडत नाही. आलाप चालू असताना कुणी "हं" म्हटलं तरी गाणं खाली जातं.

मंद्र_सप्तक

म्हणून ऐकताना म्यूट राहायचं. तसंही आलापात बोलायचं काय असतं?

रेवा_ऐकते

वायर लावून मोजलं. मित्रानेही वायर लावली, आणि कॉल दुसऱ्या फोनवर तसाच ठेवला. आता माझा "धा" त्याला अर्धी मात्रा मागे येतो आणि त्याचा मला अर्धी मात्रा. म्हणजे गाणी जुळली आणि उरला फक्त कॉलचा पाव सेकंद, असंच ना?

मैत्रिणीने कॉल टॅबवर घेतला, बड्समध्ये फक्त गाणं. डबा गेला. पण मध्येच तिचं नेट तुटलं आणि परत आल्यावर ती जवळजवळ दोन मात्रा मागे होती, गाणं संपेपर्यंत तशीच.

केबलची_गुंडाळी

पहिलं बरोबर वाचलंत. दोन्ही बाजूंना सारखा उशीर म्हणजे तो कॉलचा.

मैत्रिणीसाठी, ज्याने सत्र सुरू केलंय त्याने पॉज करायचं, तीन-चार सेकंद थांबायचं आणि पुन्हा प्ले. लगेच दाबू नका, तिच्याकडे पॉज पोचून गाणं पुढचं खेचायला वेळ मिळाला पाहिजे. त्याने नाही जुळलं तर तिने सत्रातून बाहेर पडून लिंकवरून परत यावं. पुढचं गाणं सुरू झालं की बहुधा आपोआप जुळतं, कारण प्रत्येक गाण्याची सुरुवात नव्याने ठरते.

अशा वेळी सरकपट्टी पुढे ओढून स्वतःच जुळवायला जाऊ नका. जॅममध्ये एकाने गाणं सरकवलं की ते सगळ्यांचं सरकतं.

तानपुरा_खर्ज

एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणारं क्रॉसफेड तिघांचंही बंद आहे का तेही पाहा. एकाचं चालू आणि दुसऱ्याचं बंद असेल तर दोन गाण्यांच्या सांध्यावर कुणाला मागचं गाणं ऐकू येतं आणि कुणाला पुढचं.

स्वरलिपी९

पाव सेकंदावरून एवढी चर्चा! आपल्याला एकमेकांचं गाणं ऐकूच येत नाही, मग फरक पडतो कुठे? मी अजूनही "तीन, दोन, एक"वरच आहे.

तानपुरा_खर्ज

नुसतं ऐकून गाणं संपल्यावर बोलणाऱ्यांना खरंच फरक पडत नाही, अर्धा सेकंदही चालेल. तिहाई समेवर येताना दोघांनी एकदम "आहा" म्हणणाऱ्यांना पडतो. पाव सेकंद कॉलचा असतोच, त्यात ब्लूटूथचा पाव सेकंद मिळवला की दाद पुढच्या मात्रेवर जाते.

स्वरलिपी९

मला पुढच्या मात्रेवर आलेली दादही चालते.

रेवा_ऐकते

मला नाही चालत, म्हणून तर धागा काढला. मित्राला वायर कायमची मान्य नाही, त्याला बड्सच हवेत. ते मागे राहणारच असतील तर जॅममध्ये माझं गाणं मुद्दाम पाव सेकंद उशिरा वाजवायची काही सोय आहे का?

केबलची_गुंडाळी

जॅममध्ये तशी पट्टी नाही. तुम्हीही ब्लूटूथ लावा, जवळपास तेवढ्याच उशिराचं. दोघंही सारखेच मागे राहिलात की एकमेकांना जुळलात. बड्सना उशीर कमी करणारा गेमिंग मोड असेल तर तो दोघांनीही चालू करायचा किंवा दोघांनीही बंद ठेवायचा. पण दोन वेगळ्या बनावटीच्या बड्सचा उशीर सारखा निघेल याची खात्री नाही, मोजूनच कळेल.

तानपुरा_खर्ज

यात एक धोका आहे. रेवा यांनी कॉलही त्याच बड्समध्ये घेतला तर मित्राची दाद त्यांना आणखी उशिरा येईल. गाणी जुळतील, पण बोलणं सरकेल. माइक लॅपटॉपचा आणि कॉल लॅपटॉपच्या स्पीकरवर, बड्समध्ये फक्त गाणं, असं करून पाहा.

रेवा_ऐकते

पाहते. मोजून आकडे इथेच टाकते.